नितंबाच्या स्नायूत इंजेक्शन: जागा बोटांनी कशी शोधावी आणि सुई कशी द्यावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थी स्किल्स लॅबमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांतले येथे घेतले आहेत. दंड आणि मांडी यांचा उल्लेख गरजेपुरता आहे. मुख्य भर मोठ्या माणसाच्या नितंबाच्या बाजूच्या जागेवर, म्हणजे व्हेंट्रोग्लुटिअल जागेवर आहे, कारण पुस्तकात ती पहिल्या पसंतीची म्हणून वाचलेली असते आणि वॉर्डात गेल्यावर सर्वांत आधी तीच विसरली जाते.

रुग्ण म्हणतो, "सिस्टर, कमरेत सुई द्या." म्हणजे नेमकी कोणती जागा?

रुग्णाच्या बोलण्यात कंबर म्हणजे नितंबाचा मागचा भाग असतो आणि त्याने आजवर तिथेच सुई घेतलेली असते. नर्सिंगच्या भाषेत मात्र त्या भागात दोन वेगळ्या जागा आहेत. मागच्या बाजूला, नितंबाच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात असते ती डॉर्सोग्लुटिअल जागा. तिथे सुई ग्लुटिअस मॅक्सिमस या जाड स्नायूत जाते. कमरेच्या बाजूला, खुब्याच्या वर, पँटच्या शिवणीच्या रेषेत हात ठेवला तर जिथे पडेल तिथे असते ती व्हेंट्रोग्लुटिअल जागा. तिथे सुई ग्लुटिअस मीडिअस आणि त्याच्या खालच्या ग्लुटिअस मिनिमस या स्नायूंत जाते.

रुग्ण "कमरेत" म्हणाला म्हणून मागची जागा घेण्याचे बंधन आपल्यावर नसते. "कमरेच्या बाजूला देते, तिथे नस दूर असते," एवढे सांगितले की बहुतेक रुग्णांची हरकत राहत नाही. कुशीवर वळायला सांगितल्यावर रुग्ण गोंधळतो, म्हणून हे आधीच सांगावे.

मागच्या जागेत वर्षानुवर्षे इंजेक्शने दिली जात आहेत. मग बाजूची जागा का शिकवता?

याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण सायटिक नर्व्हचे. शरीरातली ही सर्वांत जाड नस नितंबाच्या खालच्या आणि आतल्या भागातून मांडीत उतरते. सुई ठरलेल्या जागेपेक्षा खाली किंवा आत गेली तर ती या नसेजवळ पोहोचते. औषध नसेत किंवा तिच्या लगत गेले तर पाय बधिर होऊ शकतो, पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना पंजा जमिनीवर घासतो. यालाच फूट ड्रॉप म्हणतात. लहान मुलांत याचे परिणाम इतके ठळक असतात की, पोलिओच्या देखरेखीत अचानक लुळ्या पडलेल्या पायाची कारणे तपासताना इंजेक्शनने झालेली नसेची इजाही विचारात घ्यावी लागते. मागच्या भागात सुपिरिअर ग्लुटिअल आर्टरीही आहे, म्हणजे धोका फक्त नसेचा नाही.

दुसरे कारण चरबीचे. नितंबाच्या मागे चरबीचा थर जाड असतो आणि स्त्रियांमध्ये तो बऱ्याचदा सुईच्या लांबीपेक्षाही जास्त भरतो. सुई पूर्ण आत गेलेली दिसते, पण औषध स्नायूत न पोहोचता चरबीतच राहते. तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने औषध हळू शोषले जाते, गाठ होते आणि कधी गळूही होते. बाजूच्या जागेत चरबी तुलनेने कमी असते, मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी लगत नसते, आणि मुख्य म्हणजे तीन हाडांच्या खुणा बोटाला लागतात. मागच्या जागेत आपण मांसल भागाचे डोळ्यांनी चार भाग करतो, तर बाजूच्या जागेत हाडे चाचपून त्रिकोण करतो, आणि हाडे रुग्ण जाड असो वा बारीक, आपल्या ठिकाणीच असतात.

"वरचा बाहेरचा चतुर्थांश" इतके सोपे असताना त्यात चूक कशी होते?

ही चूक माझ्याच हातून झाली होती, म्हणून ती जवळून सांगते. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका वॉर्डात पन्नाशीच्या एका गृहस्थांना वेदनाशामक इंजेक्शन द्यायचे होते. त्यांनी संकोचाने पायजमा जेमतेम चार बोटे खाली सरकवला. मला जेवढा भाग दिसत होता तेवढ्याचेच मी मनात चार भाग केले आणि त्यांतला वरचा बाहेरचा भाग निवडला. मी त्यांना उभेच ठेवले होते आणि कमरेचे हाड चाचपले नव्हते. सुई आत जाताच त्यांचा पाय झटकला गेला आणि "टाचेपर्यंत करंट गेला" असे ते ओरडले. औषध ढकलायला सुरुवात झाली नव्हती. मी सुई लगेच बाहेर काढली आणि वरिष्ठ सिस्टरांना बोलावले. पायातल्या मुंग्या संध्याकाळपर्यंत गेल्या. औषध आत गेले असते तर काय झाले असते, हे मला त्या रात्री सुचत राहिले.

चूक नेमकी इथे होती: नितंब म्हणजे कपड्याबाहेर दिसणारा भाग नव्हे. त्याची वरची हद्द कमरेच्या हाडाच्या कडेला, म्हणजे इलिॲक क्रेस्टला असते आणि खालची हद्द मांडीच्या घडीला. हा पूर्ण भाग उघडा असेल तरच चतुर्थांश बरोबर येतो. साडी, परकर किंवा पायजमा अर्धवट सरकवला की दिसणाऱ्या भागाचा "मधला बिंदू" आपल्याला खरा मध्य वाटतो आणि जागा हमखास सरकते. बाजूच्या जागेलाही कपडे पुरेसे सरकवावेच लागतात, पण तिथे हाडाला हात लागल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून चूक आपोआप अडते.

बाजूच्या जागेच्या तीन खुणा कोणत्या आणि त्या कशा ओळखायच्या?

पहिली खूण ग्रेटर ट्रोकँटर, म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्यापाशी बाहेर आलेला उंचवटा. स्वतःच्या खुब्यावर तळहात ठेवून पाय आत-बाहेर फिरवा. तळहाताखाली जो कठीण गोळा सरकतो, तो हाच. रुग्णात तो सापडत नसेल तर त्याचा पाय हळू आत-बाहेर फिरवून पाहावा.

दुसरी खूण अँटिरिअर सुपिरिअर इलिॲक स्पाइन, म्हणजे कमरेच्या हाडाचे पुढचे टोक. उताणे झोपल्यावर बारीक माणसात ते पोटाच्या दोन्ही बाजूंना उठून दिसते. जाड माणसात कमरेच्या हाडाच्या कडेवरून बोट पुढे आणत न्यावे, जिथे कड संपून बोट खाली घसरते तिथे हे टोक असते.

तिसरी खूण इलिॲक क्रेस्ट, म्हणजे कमरेवर हात ठेवून उभे राहिल्यावर हात ज्या कडेवर टेकतात ती कड.

आता हात ठेवायचा. रुग्णाच्या डाव्या बाजूसाठी आपला उजवा हात आणि उजव्या बाजूसाठी आपला डावा हात वापरायचा. तळव्याचा मनगटाजवळचा भाग ग्रेटर ट्रोकँटरवर ठेवावा, बोटे रुग्णाच्या डोक्याकडे आणि अंगठा जांघेकडे असावा. तर्जनीचे टोक पुढच्या टोकावर ठेवावे आणि मधले बोट क्रेस्टच्या कडेने मागे जितके फाकेल तितके फाकवावे. दोन बोटांच्या मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखा त्रिकोण तयार होतो. त्याचा मध्य ही आपली जागा. हात चुकीचा घेतला तर अंगठा मागे, कुल्ल्याकडे जातो. म्हणून लॅबमध्ये मी आधी अंगठा पाहते आणि मग बाकीचा हात.

मॅनिकिनवर जागा लगेच सापडते, पण माणसावर हात ठेवला की काहीच लागत नाही. असे का होते?

मॅनिकिनचे हाड मुद्दाम उठावदार केलेले असते आणि त्याची त्वचा सरकत नाही. माणसात हाडावर चरबी, स्नायू आणि ताण असतो. म्हणून लॅबमध्ये सुईला हात लावण्यापूर्वी दोन तास केवळ चाचपण्याचा सराव असतो. तो परवानगी घेऊन, आपापसांत, पडद्याआड आणि सुईशिवाय करायचा. पातळ कपड्यावरूनही तिन्ही हाडे लागतात.

नवख्यांचा हात दोन ठिकाणी घसरतो. एक म्हणजे तळवा ट्रोकँटरवर न ठेवता त्याच्या वर ठेवला जातो. त्यामुळे सगळा त्रिकोण वर सरकतो आणि सुई स्नायूऐवजी हाडाच्या कडेजवळ जाते. दुसरे म्हणजे तर्जनी पुढच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून विद्यार्थिनी अख्खा हातच पुढे सरकवते आणि तळवा ट्रोकँटरवरून निघतो. आपला हात लहान असेल आणि रुग्ण मोठा असेल तर हात ताणू नये. तिन्ही खुणा एकेक करून शोधाव्यात, प्रत्येक ठिकाणी मार्करने बारीक ठिपका द्यावा आणि त्या तीन ठिपक्यांच्या त्रिकोणाचा मध्य घ्यावा. यात वेळ थोडा जास्त जातो, पण जागा चुकत नाही.

जागा बरोबर आली की नाही हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. कुशीवर झोपलेल्या रुग्णाला वरचा पाय किंचित वर उचलायला सांगा. त्रिकोणाच्या मध्यावर ठेवलेल्या बोटाखाली स्नायू कडक झाला, तर बोट ग्लुटिअस मीडिअसवर आहे. नंतर पाय खाली ठेवून तो पूर्ण सैल होऊ द्यावा.

रुग्णाला कसे झोपवावे?

ही जागा उताणी, कुशीवर आणि पालथी अशा तिन्ही स्थितींत मिळते. नवख्यांसाठी कुशीवरची स्थिती बरी. ज्या बाजूला इंजेक्शन द्यायचे ती बाजू वर, वरचा गुडघा वाकवून पुढे घेतलेला आणि खालचा पाय सरळ असावा. वरच्या गुडघ्याखाली आधार असेल तर स्नायू सैल राहतो. लॅबमध्ये आम्ही त्यासाठी सोलापुरी चादरीची घडी वापरतो. ती घट्ट असते, दबत नाही, आणि वॉर्डातही रुग्णाच्या नातेवाइकांकडे बहुधा असतेच.

उभ्या रुग्णाला नितंबात सुई देऊ नये. वजन पायावर असताना स्नायू ताठ असतो, आणि भोवळ आली तर सुई आत असतानाच रुग्ण पडतो.

दोन बोटांच्या मध्ये सुई टोचायची, म्हणजे सुई माझ्याच बोटात जाणार नाही का?

ही भीती रास्त आहे, आणि बोटे तिथेच ठेवून टोचावे असे मी शिकवत नाही. त्रिकोणाचा मध्य ठरला की तिथे लक्षात राहील अशी एखादी खूण पाहून ठेवावी, उदाहरणार्थ तीळ किंवा त्वचेवरची रेघ. काहीच नसेल तर मार्करचा ठिपका मध्यापासून थोडा बाजूला द्यावा, म्हणजे सुई शाईतून जाणार नाही. मग हात काढावा. पुढे त्वचा बाजूला ओढण्यासाठी न टोचणारा हात लागतो.

त्वचा बाजूला ओढणे, म्हणजे झेड ट्रॅक, कशासाठी?

न टोचणाऱ्या हाताच्या कडेने त्वचा आणि तिच्या खालची चरबी साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर एका बाजूला ओढायची आणि तशीच धरून ठेवायची. मग ठरलेल्या जागी सुई द्यायची. औषध दिल्यावर १० सेकंद थांबून सुई काढायची आणि मगच त्वचा सोडायची. त्वचा मूळ जागी परतली की तिच्यातले छिद्र आणि स्नायूतले छिद्र एका रेषेत राहत नाहीत. त्यामुळे औषध उलट्या वाटेने चरबीत झिरपत नाही. लोहाच्या इंजेक्शनात हे फारच महत्त्वाचे, कारण ते झिरपले तर त्वचेवर तपकिरी डाग राहतो. सुई काढण्याआधीच त्वचा सोडणे ही येथील नेहमीची चूक. तसे केले तर सुई आत असताना ऊती ओढल्या जातात आणि रुग्णाला दुखते.

सुई किती लांब आणि किती जाड घ्यावी?

जाडी औषधावरून ठरते आणि लांबी रुग्णावरून. पाण्यासारख्या औषधाला २३ गेजची, निळ्या हबची सुई पुरते. घट्ट औषधाला २१ गेजची, हिरव्या हबची सुई लागते.

लांबी ठरवण्यासाठी जागेवरची त्वचा आणि चरबी चिमटीत धरावी. चिमटीत चरबीचे दोन पदर येतात, म्हणून तिच्या जाडीचा निम्मा भाग म्हणजे चरबीच्या थराची अंदाजे जाडी. सुई एवढी लांब हवी की हा थर ओलांडून ती स्नायूत चांगली जाईल. मोठ्या माणसांसाठी बहुधा १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, किंवा दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, यांतून निवड करायची असते. "मोठा माणूस म्हणजे दीड इंच" असे पाठ करू नये. हडकुळ्या रुग्णात दीड इंची सुई पूर्ण घुसवली तर ती हाडाला टेकते. टेकलीच तर घाबरू नये. सुई काही मिलिमीटर मागे घेऊन पुढची कृती करावी.

एका प्रत्यक्ष उदाहरणातून सगळी कृती सांगाल का?

संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपेला त्रास झालेली एक सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. वजन ३८ किलो. तिला दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीन १२ लाख युनिट द्यायचे आहे. आई विडी कामगार, घरात तेलुगू बोलली जाते. मुलीला मराठी येते, पण दुखले की ती तेलुगूतून "नोप्पी" म्हणते. सोलापुरात वॉर्डात काम करायचे तर हा शब्द आणि कानडीतला "नोवु" हे दोन्ही कानाला ओळखीचे हवेत, कारण सुई आत असताना रुग्ण भाषांतर करत बसत नाही.

या औषधाचे दोन अवघड गुण आहेत. ते दुधासारखे घट्ट असते आणि त्यातले कण सुईत अडकतात. शिवाय ते कधीही रक्तवाहिनीत जाता कामा नये. डॉक्टरांचा लेखी आदेश, रुग्णाचे नाव, पूर्वीच्या ॲलर्जीची विचारणा आणि रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे केलेली त्वचेची चाचणी पाहून मगच वायल हातात घ्यायची. ॲड्रेनलिनसह आपत्कालीन ट्रे खाटेशेजारी असला पाहिजे.

वायलवरच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक पाणी घालून औषध साधारण ४ मिली होते. येथे पहिला निर्णय घ्यावा लागतो. भरल्या अंगाच्या प्रौढाच्या या स्नायूत ३ मिलीपर्यंत सहसा अडचण येत नाही, पण ३८ किलोच्या मुलीत ४ मिली घट्ट औषध एकाच जागी देणे मला पटत नाही. डॉक्टरांना विचारून, त्यांच्या संमतीने, ते २ मिली अशा दोन भागांत दोन्ही बाजूंना द्यावे. हा निर्णय विद्यार्थिनीने स्वतः घ्यायचा नाही, पण प्रश्न तिने उपस्थित करायचा आहे. दोन सिरिंज भराव्यात आणि वायलच्या रबरातून गेलेली सुई बदलून प्रत्येकीला नवी सुई लावावी. रबरातून गेलेली सुई बोथट झालेली असते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला औषधही लागलेले असते.

मुलीला उजव्या कुशीवर वळवले, म्हणजे डावी बाजू वर आली. आता आपला उजवा हात. तळवा ट्रोकँटरवर, तर्जनी पुढच्या टोकावर, मधले बोट क्रेस्टवर. चिमटीत साधारण २ सेंटिमीटर येते, म्हणजे चरबी सुमारे १ सेंटिमीटर. २५ मिलिमीटरची सुई घेतली तर स्नायूत दीड सेंटिमीटर जाईल. ते पुरेसे आहे. म्हणून २१ गेज, १ इंच.

स्पिरिटच्या कापसाने मध्यापासून बाहेर गोल फिरवत ३० सेकंद पुसावे आणि आणखी ३० सेकंद वाळू द्यावे. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेलेला असतो आणि त्वचा घामाने ओली असते. तेव्हा आधी कोरड्या कापसाने घाम टिपावा, नाहीतर स्पिरिट घामात मिसळून पातळ होते. ओल्या त्वचेतून टोचले तर स्पिरिट सुईबरोबर आत जाते आणि चुरचुरते.

सिरिंज पुन्हा हलवून कण एकजीव करावेत. डाव्या हाताच्या कडेने त्वचा ओढून धरावी. उजव्या हातात सिरिंज भाल्यासारखी नाही, तर पेन धरतो तशी धरावी. मुलीला लांब श्वास सोडायला सांगावे आणि श्वास सुटत असताना सुई त्वचेशी ९० अंशांत, एका सरळ ठाम हालचालीत आत द्यावी. हळूहळू टोचले तर जास्त दुखते.

आता ५ ते १० सेकंद दट्ट्या हलकेच मागे ओढून पाहावा. रक्त दिसले नाही तर औषध सुरू करावे. गती दर मिलीला १० सेकंद, म्हणजे २ मिलीला २० सेकंद. मनात आकडे मोजावेत, नाहीतर घाईत पाच सेकंदांतच संपते. घट्ट औषधात मध्येच थांबू नये, कारण थांबले की कण सुईत बसतात आणि मग जोर लावावा लागतो. संपल्यावर १० सेकंद थांबून सुई सरळ बाहेर काढावी, त्वचा सोडावी आणि कोरडा कापूस नुसता दाबून धरावा. चोळू नये.

मग मुलीला डाव्या कुशीवर वळवून उजव्या बाजूला आपल्या डाव्या हाताने पुन्हा सगळे शोधावे. पहिल्या बाजूची जागा आठवून दुसरीकडे अंदाज बांधू नये. त्यानंतर तिला किमान ३० मिनिटे नजरेसमोर ठेवावे.

सिरिंज मागे ओढून रक्त पाहणे नेहमीच करायचे का? वर्गात दोन वेगळी उत्तरे मिळतात.

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. लस देताना मागे ओढून पाहण्याची गरज नाही. लस ज्या जागांवर देतात तिथे मोठ्या रक्तवाहिन्या नसतात, आणि सुई जास्त वेळ आत राहिल्याने बाळाला जास्त दुखते. जागतिक आरोग्य संघटनेचीही हीच भूमिका आहे. मागची डॉर्सोग्लुटिअल जागा घ्यावीच लागली, किंवा बेंझाथीन पेनिसिलीनसारखे रक्तात गेल्यास घातक औषध असेल, तर मात्र पाहावे, आणि एका सेकंदात नव्हे तर ५ ते १० सेकंद थांबून पाहावे. रक्त आले तर सुई काढावी, ती सिरिंज आणि औषध टाकून द्यावे आणि सगळे नव्याने भरून दुसरी जागा घ्यावी. रक्त मिसळलेले औषध पुन्हा टोचू नये.

सुई आत असताना रुग्ण "पायात करंट गेला" म्हणाला तर?

त्याच क्षणी थांबावे. दट्ट्याला हात लावू नये, सुईची दिशा बदलून पाहू नये, सरळ बाहेर काढावी. रुग्णाला पाऊल वर-खाली हलवायला सांगावे, पायाच्या पाठीवर आणि तळव्यावर स्पर्श कळतो का ते विचारावे आणि लगेच वरिष्ठ सिस्टर आणि डॉक्टरांना कळवावे. वेळ, जागा, बाजू आणि किती औषध आत गेले ते नोंदीत लिहावे. सुई टोचल्याचे दुखणे जागेपुरते राहते, तर नसेचे दुखणे खाली पायात धावते, आणि त्यात जळजळ किंवा मुंग्या असतात. हा फरक रुग्ण स्वतः सांगेलच असे नाही, म्हणून विचारावा. पाऊल वर उचलता येत नसेल तर "थोड्या वेळाने बरे होईल" असे म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये.

डायक्लोफिनॅकच्या पत्रकात मागच्या बाजूचा वरचा बाहेरचा चतुर्थांश लिहिलेला असतो. मग बाजूची जागा घ्यायची का?

औषधाच्या पत्रकातली सूचना आणि रुग्णालयाचा नियम आधी पाहायचा. विद्यार्थिनीने स्वतःच्या मनाने जागा बदलायची नाही, वरिष्ठांना विचारायचे. मागची जागा घ्यायची ठरली तर रुग्ण पालथा आणि पायाची बोटे आत वळवलेली असावीत, म्हणजे स्नायू सैल होतो. मग कमरेच्या हाडाचे मागचे टोक, जिथे पाठीवर खळी दिसते ते, आणि ग्रेटर ट्रोकँटर यांना जोडणारी रेषा कल्पावी आणि त्या रेषेच्या वर आणि बाहेर टोचावे. ही रेषा डोळ्यांनी केलेल्या चार भागांपेक्षा विश्वासाची आहे, कारण तिच्या दोन्ही टोकांना हाड आहे.

या औषधानंतर त्या जागी लगेच तीव्र वेदना आणि त्वचेवर फिकट किंवा निळसर-जांभळे जाळीसारखे डाग दिसले तर ते साधे दुखणे समजू नये. याला निकोलाऊ सिंड्रोम म्हणतात. तो विरळा असतो, पण त्यात ऊती मरू शकतात. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

लहान बाळाला नितंबात का देत नाहीत?

चालायला न लागलेल्या बाळाचा नितंबाचा स्नायू लहान असतो आणि सुई आणि सायटिक नर्व्ह यांच्यात अंतर फारच कमी राहते. म्हणून बाळासाठी मांडीची पुढची-बाहेरची बाजू, म्हणजे व्हास्टस लॅटरॅलिस, घेतात. राष्ट्रीय लसीकरणात पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत देतात ती येथेच. रेबीज आणि हिपॅटायटिस बी या लसी मोठ्या माणसालाही नितंबात देऊ नयेत, कारण चरबीत गेल्यास त्यांचा परिणाम कमी होतो. त्या दंडात द्याव्यात. तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिनही मांडीच्या याच बाहेरच्या बाजूला देतात.

कोणत्या वेळी नितंबात इंजेक्शन देऊच नये?

जागेवर लाली, पू, गाठ, जखमेचा व्रण किंवा सूज असेल तर ती बाजू टाळावी. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर स्नायूत रक्त साचू शकते. तेव्हा आदेश असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे. शॉकमधल्या रुग्णात स्नायूला रक्त कमी पोहोचते, म्हणून औषध नीट शोषले जात नाही.

वापरलेली सुई आणि नोंद?

झाकण पुन्हा लावू नये. सुई लगेच हब कटरने कापावी. कापलेली सुई पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात जाते, सुई नसलेली सिरिंज लाल पिशवीत, काचेची वायल निळ्या खुणेच्या पेटीत आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सुई कापण्यासाठी खोली ओलांडून जावे लागू नये, म्हणून कटर ट्रेवरच घेऊन जावा.

नोंदीत "इंजेक्शन दिले" एवढेच लिहू नये. औषध, मात्रा, वेळ, मार्ग, आणि "डावी व्हेंट्रोग्लुटिअल २ मिली, उजवी व्हेंट्रोग्लुटिअल २ मिली" असे बाजूसह लिहावे. तीन आठवड्यांनी ती मुलगी पुन्हा येईल तेव्हा बहुधा दुसरी सिस्टर ड्यूटीवर असेल. तिने आधी ही नोंद वाचावी, दोन्ही बाजूंना गाठ राहिली आहे का ते हात फिरवून पाहावे आणि मगच वायल हातात घ्यावी.